बिलात दोन ओळी, केस पेपरात एकच नोंद

प्रश्न : वडिलांना न्यूमोनिया झाला म्हणून निपाणीहून कोल्हापूरला एका खासगी हॉस्पिटलात ठेवलं होतं. ११ जूनला रात्री ॲडमिट, आयसीयू, मग १४ ला वॉर्डात, १८ जूनला दुपारी डिस्चार्ज. बिल १,४८,७०० झालं, सगळं भरलं. विमा नाही. घरी येऊन बघितलं तर आयसीयू ४ दिवस आणि वॉर्ड ५ दिवस असे नऊ दिवस धरलेत. मेडिकलचा सगळा आकडा एकाच ओळीत आहे. फोन केला तर "सिस्टिममधून येतं तसं येतं" म्हणतात. पत्र कसं लिहू, कुणाला लिहू? पैसे भरून झाल्यावर काही होतं का?

उत्तर :

होतं. पैसे भरले म्हणजे बिलातली प्रत्येक ओळ मान्य केली असं नाही. माणूस घरी न्यायचा असतो, तेव्हा सगळेच आधी पैसे भरतात. चूक नंतर सापडली तरी चूकच असते आणि ती दुरुस्त करून मागता येते.

मी एकोणीस वर्षं कोल्हापुरातल्या हॉस्पिटलांत बिलिंगला काढली. शेवटची काही वर्षं बिलांच्या तक्रारी माझ्याच टेबलावर यायच्या. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधी सांगते, कारण बहुतेकांची पत्रं तिथंच वाया जातात. "बिल फार जास्त लावलंय, आम्ही गरीब माणसं, कमी करा" असं पत्र आलं की ते डिस्काउंटच्या फायलीत जातं. साहेब दोन-तीन हजार सोडतात, प्रकरण मिटतं, आणि जे चुकून जास्त घेतलं ते तसंच राहतं. "१४ जूनला एकाच माणसाचे दोन बेड लावलेत" असं पत्र आलं की ते अकाउंट्सकडं जातं, कारण तिथं कुणाला तरी उत्तर लिहावं लागतं. तुम्हाला सवलत नको आहे, दुरुस्ती हवी आहे. पत्रात "सवलत" हा शब्दच येऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट, पत्र एक नाही, दोन लिहायची. पहिल्यात फक्त कागद मागायचे, कुणावर काही ठपका ठेवायचा नाही. कागद हातात आले, मोजणी झाली, की दुसऱ्यात नेमक्या ओळी दाखवून पैसे परत मागायचे. पहिल्याच पत्रात "तुम्ही लुबाडलं" असं लिहिलं की कागद द्यायला टाळाटाळ सुरू होते. शिवाय आत्ता तुमच्या हातात दोन पानांची समरी आहे. त्यावरून नऊ दिवसांची चूक दिसते, बाकीचं अजून तुम्हाला स्वतःलाही ठाऊक नाही.

पहिलं पत्र

पत्र वडिलांच्या नावानं आणि त्यांच्या सहीनं द्या. रुग्ण तेच आहेत. केस पेपर मुलाला द्यायचे का, यावर हॉस्पिटल अडू शकतं, आणि ते अडणं चूकही नसतं. पत्रातला आयपी क्रमांक म्हणजे दाखल रुग्णाला हॉस्पिटल देतं तो नंबर. वडिलांना सही जमत नसेल तर त्यांच्या अंगठ्यासह तुमच्या नावाचं अधिकारपत्र आणि दोघांच्या आधारची झेरॉक्स जोडा.

> प्रति,
> मा. वैद्यकीय संचालक / बिलिंग विभाग प्रमुख,
> (रुग्णालयाचे नाव व पत्ता), कोल्हापूर
>
> विषय : आयपी क्रमांक ____ — तारीखवार सविस्तर बिल व इनडोअर केस पेपरच्या प्रती मिळणेबाबत
>
> महोदय / महोदया,
>
> मी दि. ११ जून रोजी रात्री १०.४० वाजता आपल्या रुग्णालयात दाखल झालो व दि. १८ जून रोजी दुपारी १२.३० वाजता मला घरी सोडण्यात आले. फायनल बिल क्र. ____, रक्कम रु. १,४८,७००, पूर्ण भरले आहे. पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मला मिळालेल्या बिलात रकमा गटवार एकत्र दाखवल्या असल्याने पडताळणी करता येत नाही. तरी कृपया पुढील कागद द्यावेत.
>
> १. प्रत्येक आकारणीची तारीख, संख्या, दर व रक्कम दाखवणारे सविस्तर बिल. बेडच्या आकारणीत प्रत्येक बेडची सुरुवात व शेवट यांची तारीख आणि वेळ असावी.
> २. फार्मसीची सर्व बिले व परत घेतलेल्या औषधांच्या रिटर्न नोंदी.
> ३. सर्व तपासण्यांची यादी, रिपोर्ट क्रमांक व नमुना घेतल्याची वेळ यांसह.
> ४. इनडोअर केस पेपरची पूर्ण प्रत, ड्रग चार्ट व नर्सिंग नोट्ससह.
> ५. माझ्या दाखल असण्याच्या काळात लागू असलेले दरपत्रक व बेडचे दिवस मोजण्याचा नियम.
>
> केस पेपरच्या प्रती नियमाप्रमाणे ७२ तासांत व उर्वरित कागद ७ दिवसांत मिळावेत. झेरॉक्सचा वाजवी खर्च देण्यास मी तयार आहे.
>
> आपला,
> (रुग्णाचे नाव, सही, पत्ता, मोबाइल, तारीख)

इथं दोन मुदती वेगळ्या का, ते समजून घ्या. ७२ तासांचा नियम डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाबाबतच्या २००२ च्या विनियमांत आहे. रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं वैद्यकीय नोंदी मागितल्या, तर मागणीची पोच देऊन ७२ तासांत त्या द्यायच्या. उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं त्या जपून ठेवायच्या, हेही त्यातच आहे. पण हा नियम केस पेपरांचा आहे, बिलाचा नाही. बिलाला तो लावलात तर समोरचा तेवढीच चूक धरून बसेल. तपशीलवार बिलाचा हक्क केंद्र सरकारनं २०१९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या रुग्ण हक्क सनदेत आहे. रुग्णाला बाबवार बिल, त्याचं स्पष्टीकरण आणि भरलेल्या पैशांची पावती मिळाली पाहिजे, असं ती सनद सांगते. महाराष्ट्रानं शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा केली, त्यात हक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं दोन्ही आलं. बहुतेक ठिकाणी ते दरपत्रक रिसेप्शनजवळच्या भिंतीवर असतं. पत्र द्यायला जाल तेव्हा त्याचा मोबाइलवर फोटो काढा. पुढं त्याचा फार उपयोग होतो.

पत्र काउंटरवरच्या मुलीच्या हातात ठेवून परत येऊ नका. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. घ्यायला नकार दिला तर वाद घालत उभं राहू नका. तिथून सरळ पोस्टात जा आणि स्पीड पोस्टनं, पोहोचल्याचा पुरावा मिळेल अशा तऱ्हेनं पाठवा. हॉस्पिटलच्या ई-मेलवरही तेच पत्र टाका, विषयात आयपी नंबर लिहून. फोनवर जे बोलणं होतं त्याला पुढं काही अर्थ राहत नाही.

बेडचे नऊ दिवस

हा मुद्दा कागद यायच्या आधीच पक्का आहे, म्हणून तो नीट उलगडते.

दिवस मोजायच्या तीन पद्धती चालतात. काही ठिकाणी मध्यरात्री १२ ला माणूस ज्या बेडवर असेल तो दिवस त्या बेडचा. काही ठिकाणी ॲडमिट झाल्यापासून २४ तासांचा एक दिवस. आणि काही ठिकाणी सरळ तारीख, म्हणजे रात्री पावणेअकराला आलात तरी ११ तारीख पूर्ण लागते. तिन्ही पद्धतींनी तुमचा हिशेब करून बघा. ११ च्या रात्रीपासून १८ च्या दुपारपर्यंत मध्यरात्र सात वेळा होते, म्हणजे सात दिवस. २४ तासांनी मोजलं तर सहा दिवस पूर्ण होऊन सातवा चालू, म्हणजे सात. तारखांनी मोजलं तर ११ ते १८, आठ तारखा, म्हणजे आठ. नऊ कोणत्याही हिशेबानं येत नाही.

मग नऊ आले कुठून? १४ तारीख दोनदा लागली. आयसीयूचे ११, १२, १३, १४ असे चार, आणि वॉर्डाचे १४, १५, १६, १७, १८ असे पाच. बेड बदलताना वॉर्डाची सिस्टर सिस्टिममध्ये पेशंट घेते, तेव्हा नवीन बेड त्या तारखेपासून सुरू होतो. आयसीयूकडून जुना बेड बंद होतो, तोही त्याच तारखेला. शिफ्टच्या दिवशी एकच बेड धरायचा ही सेटिंग नसेल किंवा बेड हातानं टाकला असेल, तर दोन्ही लागतात. यात कुणाचा डाव असतोच असं नाही. पण बेडला चिकटून रोजच्या आकारण्या आपोआप पडतात, नर्सिंगची आणि आरएमओची, म्हणजे तिथल्या निवासी डॉक्टरांची. म्हणून बेड दोनदा लागला की त्याही दोनदा लागतात, आणि त्या वेगळ्या गटात असल्यानं समरीत दिसत नाहीत. सविस्तर बिल आलं की १४ तारखेच्या सगळ्या ओळी एकत्र काढून बघा.

परत मागताना कोणता बेड काढायचा? आयसीयूचा काढा म्हणालात तर वाद होईल, कारण दुपारी चारपर्यंत वडील खरोखर तिथं होते. वॉर्डाचा एक दिवस काढा म्हणा. रक्कम कमी मिळेल, पण नाकारायला जागा उरत नाही. दरपत्रकातल्या नियमात शिफ्टचा दिवस मध्यरात्रीच्या बेडचा असं लिहिलेलं निघालं, तर मात्र आयसीयूचा काढायचा आणि वॉर्डाचा ठेवायचा. म्हणूनच पहिल्या पत्रात तो नियम मागितला आहे.

मेडिकलची एक ओळ

सगळ्यात जास्त चुका इथं सापडतात आणि बघायला सगळ्यात कमी लोक धजतात, कारण कागद खूप असतात. पण प्रत्येक गोळी मोजत बसायची गरज नाही. महागडं एखादं इंजेक्शन निवडा आणि तेवढंच शेवटपर्यंत मोजा.

तुमचे कागद माझ्यासमोर नाहीत, म्हणून आकडे मी घेते. समजा अँटिबायोटिकचं इंजेक्शन दर आठ तासांनी एक असं लिहिलंय आणि व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, ४८० रुपयांची आहे. पहिला डोस ११ ला रात्री साडेअकराला. पुढं रोज सकाळी साडेसात, दुपारी साडेतीन, रात्री साडेअकरा. शेवटचा १८ ला सकाळी. ड्रग चार्टवर प्रत्येक चौकटीत सिस्टरची सही आणि वेळ असते. सह्या मोजा. ११ ला एक, १२ ते १७ सहा दिवस तीन-तीन म्हणजे अठरा, १८ ला एक. एकूण वीस.

आता फार्मसीची बिलं काढा आणि त्याच इंजेक्शनच्या व्हायल मोजा. समजा आयसीयूनं तीन वेळा मागवल्या, प्रत्येक वेळी पाच, म्हणजे पंधरा. वॉर्डानं अकरा मागवल्या. झाल्या सव्वीस. दिल्या वीस, सहा जास्त. आता त्या सहा कुठं आहेत तेही चार्टच सांगतो. आयसीयूत असेपर्यंत, म्हणजे १४ ला दुपारी साडेतीनपर्यंत, नऊ डोस झाले. पंधरातून नऊ गेले, सहा राहिले. पेशंट वॉर्डात गेला, त्याच्या ट्रेमधल्या सहा व्हायल आयसीयूतच राहिल्या, आणि वॉर्डानं आपल्यासाठी नव्यानं मागवल्या. राहिलेल्या व्हायल फार्मसीत परत जायला हव्या होत्या आणि बिलात रिटर्न म्हणून वजा व्हायला हव्या होत्या. रिटर्नची नोंद नसेल तर ते सहा गुणिले ४८०, म्हणजे २,८८० रुपये, तुमचे आहेत.

मोजण्याआधी दोन गोष्टी तपासा, नाहीतर तोंडघशी पडाल. चार्टवर डोस किती लिहिलाय आणि व्हायल कितीची आहे? डोस एक ग्रॅमचा आणि व्हायल अर्ध्या ग्रॅमची असेल तर एका वेळेला दोन लागतात आणि वीस डोसांना चाळीस व्हायल बरोबर असतात. दुसरं, डिस्चार्जच्या दिवशी काही इंजेक्शनं घरी न्यायला दिली होती का, ते आईला विचारा. औषधांची पिशवी अजून कपाटात असेल.

माझ्या स्वतःच्या सासूबाईंच्या वेळी असं झालं होतं. दुसऱ्या एका हॉस्पिटलात त्या होत्या. बिलिंगचं काम मला पाठ, पण त्या पाच दिवसांत मी एकही कागद वाचला नव्हता. घरी येऊन चार्ट मागवला तेव्हा सलाईनच्या बाटल्या दिवसाला सात लागलेल्या दिसल्या आणि चार्टवर तीनच. त्या हृदयाच्या पेशंट, पाणी मोजून द्यायचं होतं, सात बाटल्या कोण देईल? मी तेवढं एकच वाक्य पत्रात लिहिलं आणि चार्टची झेरॉक्स लावली. दहा दिवसांत पैसे परत आले.

खरोखर दोनदा केलेली तपासणी

लॅबच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवा. एका तारखेला एकच तपासणी दोनदा दिसली की लोक लगेच लाल पेन उचलतात. आयसीयूतल्या पेशंटचं सोडियम-पोटॅशियम सकाळ-संध्याकाळ बघतात, रक्तातल्या वायूंची तपासणी दिवसात तीनदाही होते, साखर तर दर काही तासांनी. ती बिलं खरी असतात.

ओळखायची खूण रिपोर्ट क्रमांकाची. बिलात दोन ओळी आणि रिपोर्टही दोन, नमुन्याच्या वेळा वेगळ्या, तर तपासणी दोनदा झाली. बिलात दोन ओळी आणि रिपोर्ट एकच, तर आकारणी दोनदा झाली. समजा १२ जूनला सीबीसी दोनदा लागलाय, प्रत्येकी ३५०, आणि रिपोर्ट सकाळचा एकच. तर ३५० परत मागा. पहिल्या नळीतलं रक्त खराब झालं म्हणून पुन्हा घेतलं असेल, तर त्याचा खर्च पेशंटवर का, हाही प्रश्न विचारता येतो. पण तो प्रश्न म्हणून विचारा.

हेच सूत्र सगळीकडं चालतं. बिलातल्या प्रत्येक ओळीमागं केस पेपरात एक नोंद हवी. डॉक्टरांच्या व्हिजिटमागं त्यांची वेळेसह नोंद, ऑक्सिजनच्या तासांमागं नर्सिंग नोट. दोन ओळी आणि एक नोंद असेल तिथं बोट ठेवायचं.

आणि जिथं खात्री नाही तिथं दावा करायचा नाही, विचारायचं. आयसीयूच्या चार्जशिवाय मॉनिटरचे रोज ८०० वेगळे लागलेत, समजा. आयसीयूच्या दरात मॉनिटर धरलेला आहे की नाही, ते दरपत्रकावरून ठरतं. भिंतीवरच्या फोटोत "आयसीयू, मॉनिटरसह" असं असेल तर ते दोनदाच झालं. नसेल तर तो त्यांचा वेगळा दर आहे. तो तुम्हाला जास्त वाटला तरी या पत्रात बसत नाही. दर परवडणारे नव्हते ही तक्रार खरी असते, पण ती इथं मिसळली की पक्के मुद्देही त्याच वादात ओढले जातात.

दुसरं पत्र

> विषय : आयपी क्रमांक ____, फायनल बिल क्र. ____ — दुबार आकारणी दुरुस्त करून सुधारित बिल व परतावा मिळणेबाबत
> संदर्भ : माझे दि. ____ चे पत्र व आपणाकडून दि. ____ रोजी मिळालेले कागद
>
> महोदय / महोदया,
>
> आपण दिलेले सविस्तर बिल व केस पेपर पडताळून पाहता पुढील आकारण्या दुबार झाल्याचे दिसते.
>
> १. दि. १४ जून : आयसीयू व वॉर्ड असे दोन्ही बेड आकारले आहेत. ११ ते १८ जून या कालावधीसाठी एकूण ९ दिवस आकारले आहेत. दिवस मोजण्याच्या कोणत्याही पद्धतीने ते ८ पेक्षा जास्त होत नाहीत. वॉर्डाचा एक दिवस रु. २,२००, त्यास जोडलेले नर्सिंग रु. ५०० व आरएमओ रु. ३००. एकूण रु. ३,०००. (सविस्तर बिल पान __, शिफ्टची नोंद केस पेपर पान __)
>
> २. इंजेक्शन (नाव व मात्रा) : आकारलेल्या व्हायल २६, ड्रग चार्टप्रमाणे दिलेल्या २०, रिटर्न नोंद नाही. जादा ६ × रु. ४८० = रु. २,८८०. (फार्मसी बिल क्र. __, ड्रग चार्ट पान __)
>
> ३. दि. १२ जून, सीबीसी : आकारणी दोन, रिपोर्ट एकच (क्र. __). रु. ३५०.
>
> वरीलप्रमाणे एकूण रु. ६,२३० परत मिळावेत.
>
> तसेच आयसीयू मॉनिटर, रु. ८०० × ४ दिवस, ही आकारणी आयसीयूच्या दरात समाविष्ट आहे किंवा नाही, याचा दरपत्रकाच्या आधारे लेखी खुलासा व्हावा.
>
> सुधारित फायनल बिल द्यावे व रक्कम ज्या खात्यातून भरली त्या खात्यात १५ दिवसांत जमा करावी. एखादा मुद्दा मान्य नसल्यास त्याचे कारण मुद्द्यानुसार लेखी कळवावे.

शेवटचं वाक्य नक्की ठेवा. "तपासलं, बिल बरोबर आहे" असं एका ओळीचं उत्तर देऊन सुटका होऊ नये म्हणून ते आहे. पत्रात कायद्याची कलमं ओतायची गरज नाही. जोडलेल्या झेरॉक्सवर मात्र ती ओळ आणि ती नोंद दोन्हीकडं पेनानं खूण करा आणि मुद्द्याचा नंबर टाका. तपासणाऱ्याला शोधावं लागलं नाही की काम पुढं सरकतं, हे मी त्या खुर्चीवर बसून सांगते.

उत्तर आलं नाही तर

हॉस्पिटल शहराच्या हद्दीत असेल तर त्याची नोंदणी कोल्हापूर महानगरपालिकेकडं असते, म्हणून तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं द्यायची. दोन्ही पत्रं आणि पोच जोडायची. हद्दीबाहेरचं असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा परिषदेचे आरोग्य अधिकारी. तुम्ही राहता कर्नाटकात, तरी इथं हॉस्पिटल कुठं आहे तेच महत्त्वाचं. निपाणीत किंवा बेळगावात या तक्रारीचा उपयोग नाही.

ग्राहक आयोगाचं मात्र उलट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही दावा लावायची मुभा दिली. म्हणजे तुम्हाला कोल्हापूर आणि बेळगाव दोन्ही मोकळे आहेत. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. दिलेल्या सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही याच कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, म्हणून सविस्तर बिलच दिलं नाही तर तोही मुद्दा तक्रारीत घ्या. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. सहा हजारांसाठी आयोगापर्यंत जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या पाहण्यात मुद्देसूद दुसरं पत्र गेल्यावर बहुतेक प्रकरणं हॉस्पिटलातच मिटली.

विमा असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की कॅशलेस असलं तरी दुबार रक्कम तुमच्या विम्याच्या रकमेतूनच जाते. दुसऱ्या पत्राची प्रत विमा कंपनीला द्या. तिनं भरलेल्या ओळींचा परतावा तिच्याकडं जाईल, तुम्ही खिशातून भरलेल्यांचा तुमच्याकडं.

पैसे परत देतो म्हणाले तर

बोलावून घेतील, चहा देतील, आणि एका छापील कागदावर सही मागतील. तो कागद बसून वाचा. "डॉक्टरांनी दिलेली सवलत" असं लिहिलं असेल तर "दुबार आकारणीचा परतावा" असं करून घ्या. सगळे मुद्दे मान्य झाले नसतील तर "माझी कोणतीही तक्रार नाही" या वाक्याखाली सही करू नका. मान्य झालेल्या रकमेपुरती पोच लिहून द्या, आणि तीही पैसे खात्यात आल्यावर. रोख घेऊ नका.

पैशांबरोबर सुधारित फायनल बिल मागा, त्याच आयपी नंबरचं, बेडचे आठ दिवस दाखवणारं. वडिलांच्या ऑफिसकडं वैद्यकीय खर्चाची मागणी करायची असेल किंवा करात वजावट दाखवायची असेल तर जुनं बिल आता चालणार नाही, आणि दोन बिलं हातात असली तर कोणतं खरं हे तुम्हालाच सांगत बसावं लागेल. जुन्या बिलावर "रद्द, सुधारित बिल क्र. अमुक" असं त्यांच्याकडूनच लिहून शिक्का मारून घ्या.